पिवळ्या सोयाबीनचे निदान देताना खात्रीचा आकडा लिहावा का, आणि लिहिला तर तो खरा कसा ठेवावा

जुलै संपत आला आणि चार-पाच दिवसांची झड होऊन गेली की लातूर, धाराशिव, परभणी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या गटांवर पिवळ्या सोयाबीनचे फोटो येऊ लागतात. कृषी पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले अनेक जण अशा गटांवर निदान देण्याचे काम हाती घेतात. मीही तसाच आलो होतो. पहिल्याच हंगामात मला सांगण्यात आले की प्रत्येक निदानापुढे आपली खात्री किती टक्के आहे तेही लिहावे. तो आकडा नेमका कशाबद्दलचा, तो कोणी वाचायचा आणि पुढे तो ताडून कसा पाहायचा, हे मात्र कोणी सांगितले नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना तो गोंधळ होऊ नये, म्हणून मी आज ज्या पद्धतीने काम करतो ती येथे पायरीपायरीने मांडत आहे. सोयीसाठी एकच प्रश्न घेतला आहे: सोयाबीन पिवळे पडले आहे ते पिवळ्या मोझॅक विषाणूमुळे, की पाणी साचल्याने झालेल्या लोहाच्या कमतरतेमुळे?

### १. आकडा कोणासाठी, हे आधी ठरवा

पहिल्या हंगामात औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी उत्तर पाठवले: "पिवळा मोझॅक, ७०%." मला म्हणायचे होते की हा मोझॅक असल्याची माझी खात्री ७० टक्के आहे. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, सत्तर टक्के गेलंय म्हणता, मग मोडून टाकावं का रान?" त्यांनी ट्रॅक्टरवाल्याशी बोलणेही केले होते. रोटाव्हेटर फिरायच्या आत फोन आला म्हणून ते पीक वाचले.

दोष त्यांच्या वाचण्यात नव्हता. आपल्याकडे पिकाच्या बाबतीत टक्के म्हटले की नुकसानच डोळ्यांपुढे येते, कारण पंचनाम्यात, पीक विम्याच्या दाव्यात आणि पारावरच्या बोलण्यात टक्के त्याच अर्थाने येतात. त्या दिवसापासून मी दोन जागा वेगळ्या केल्या. आपल्या नोंदवहीत प्रत्येक निदानापुढे आकडा लिहायचाच. शेतकऱ्याला पाठवायच्या उत्तरात मात्र तो लिहायचा नाही. तेथे त्या आकड्यावरून निघणारी कृती आणि ती किती पक्की आहे, हे शब्दांत सांगायचे. उदाहरणार्थ, "हे बहुधा पाणी साचल्यामुळे आहे. चर काढून पाणी बाहेर काढा. सध्या एकही झाड उपटू नका, चार दिवसांनी पुन्हा फोटो पाठवा." या वाक्यातल्या "बहुधा"मागे नोंदवहीत ७५ लिहिलेले असते आणि पुढे ते तपासले जाते.

आकडा लिहावा का, या प्रश्नाला माझे उत्तर दोन अटींवर अवलंबून आहे. निदान बरोबर होते की चूक हे पुढे कधीतरी कळणार असले पाहिजे आणि आकडा कमी-जास्त झाल्याने सल्ला बदलणार असला पाहिजे. दोन्हींपैकी एक अट जरी पुरी होत नसेल, तर आकडा लिहू नका. त्याऐवजी निर्णय का होत नाही, हे एका वाक्यात लिहा.

### २. हाताशी काय हवे

शेतकऱ्याकडून तीन फोटो घ्या: धुऱ्यावरून दिसणारे सगळे रान, एक पूर्ण झाड, आणि पिवळ्या पानाची वरची व खालची बाजू. सोबत पेरणीची तारीख, वाण, शेवटचा पाऊस कधी झाला, रानात पाणी किती दिवस उभे होते आणि जमीन चुनखडीची किंवा चोपण आहे का, एवढे विचारून घ्या. फोटो सावलीत काढायला सांगा, कारण भर उन्हात पान आहे त्यापेक्षा अधिक पिवळे दिसते.

आपल्या बाजूला एक साधी स्प्रेडशीट पुरे. तिचे रकाने असे ठेवा: A मध्ये तारीख, B मध्ये निदान, C मध्ये कारण, D मध्ये खात्री, E मध्ये निकाल आणि F मध्ये चुकीचे माप. त्याशिवाय जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या एखाद्या तज्ज्ञाशी संपर्क ठेवा. काही निदाने शेवटी रानात जाऊनच तपासावी लागतात.

### ३. विधान असे लिहा, की ते पुढे ताडता येईल

"मोझॅक वाटतो, ८०" या नोंदीतला ८० नेमका कशाचा आहे? रानात मोझॅकचे एखादे तरी झाड आहे याचा, पिवळेपणाचे मुख्य कारण मोझॅक आहे याचा, की फोटो स्पष्ट आहे याचा? हे तीन वेगळे दावे आहेत आणि एकाच रानाबाबत त्या तिन्हींची खात्री वेगवेगळी असू शकते. मोझॅकची दोन-चार झाडे आणि लोहाच्या कमतरतेचा मोठा पट्टा एकाच रानात दिसणे नवलाचे नाही. म्हणून मी विधान नेहमी एकाच साच्यात लिहितो: "या रानातल्या पिवळेपणाचे मुख्य कारण अमुक आहे."

ते खरे ठरले की नाही, हे कसे ओळखायचे तेही तेव्हाच लिहून ठेवा. मी वापरतो ती कसोटी अशी: रानात वाफसा आल्यानंतर सुमारे दहा दिवसांनी त्याच झाडांच्या शेंड्याची नवीन पाने पाहायची. ती बहुतेक झाडांवर स्वच्छ हिरवी निघाली, तर कारण पाणी आणि लोह धरायचे. नव्या पानांवरही तेच अनियमित पिवळे चट्टे आले, तर मोझॅक धरायचा. पाऊस थांबलाच नाही आणि वाफसा आला नाही, तर निकालाचा रकाना कोरा ठेवायचा. ही कसोटी प्रयोगशाळेतल्या विषाणू-तपासणीइतकी पक्की नाही, पण सर्व नोंदींना एकच लावता येते आणि आपल्या कामाला ती पुरते.

### ४. मोजक्याच पायऱ्या ठेवा

७३ आणि ७६ यांतला फरक फोटो पाहून कोणालाही करता येत नाही. मी ५०, ६०, ७५ आणि ९० एवढे चारच आकडे वापरतो. ९० लिहिताना मनाशी असे म्हणायचे: अगदी अशीच माहिती असलेली दहा रानं माझ्यापुढे आली, तर त्यांतल्या नऊंत मी बरोबर ठरेन आणि एकात चुकेन. ते एक चुकलेले रान डोळ्यांपुढे आणून पाहावे. ते अगदीच अशक्य वाटत असेल तर आपण पुरेसा विचार केलेला नाही, आणि सहज शक्य वाटत असेल तर आकडा ७५ वर आणावा. सर्वांत संभवनीय कारणाचीही खात्री पन्नासपर्यंत पोहोचत नसेल, तर "फोटोवरून सांगता येत नाही" असे लिहावे. नत्राची कमतरता आणि मुळांचा रोग यांनीही पान पिवळे पडते, त्यामुळे ही वेळ नवख्यांना वाटते त्यापेक्षा जास्त वेळा येते. १०० कधीही लिहू नये.

### ५. आकड्यापर्यंत कसे पोहोचायचे: एक रान

समजा, रेणापूर तालुक्यातून फोटो आला आहे. पेरणी जूनअखेरीची, जमीन काळी, मागच्या आठवड्यात सलग पाऊस. सुरुवातीला फक्त एका पानाचा जवळून काढलेला फोटो मिळाला आहे.

पान पाहण्यापूर्वी नोंदवही पाहा. झड उघडल्यानंतरच्या आठवड्यात आलेल्या पिवळ्या फोटोंपैकी किती पाणी-लोहाचे निघाले होते? दहापैकी सहा निघाले असतील तर आपली सुरुवात ६० पासून होते. ही पायरी बहुतेक नवखे गाळतात आणि पान जे सांगेल तेवढ्यावरच निकाल देतात. एखाद्या भागात त्या वर्षी मोझॅक पसरवणारी पांढरी माशी फार असेल, तर सुरुवातीचा आकडा उलट्या बाजूला जाईल, आणि तसाच तो जायला हवा.

आता पान पाहा. पान शेंड्याचे आहे, शिरा हिरव्या आहेत आणि शिरांमधला भाग एकसारखा फिका पिवळा झाला आहे. ही लोहाच्या कमतरतेची ओळखीची खूण आहे. मोझॅकमध्ये गडद पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले, शिरांची शिस्त न पाळणारे असतात. जुनी खालची पाने आधी पिवळी झाली असती तर नत्राचा विचार करावा लागला असता. या खुणेने आकडा ७५ वर जातो. मात्र मोझॅकची अगदी पहिली अवस्था छोट्या ठिपक्यांची असते आणि दाबून लहान केलेल्या फोटोत ते ठिपके पुसट होतात, म्हणून एका पानावर ९० लिहायचे नाही.

मागितलेले दुसरे फोटो येतात. धुऱ्यावरून काढलेल्या फोटोत दिसते की पिवळेपणा रानाच्या सखल कोपऱ्यात सलग पट्ट्यात आहे आणि उंचवट्यावरचे पीक हिरवे आहे. मोझॅकची झाडे सुरुवातीला रानभर विखुरलेली, हिरव्या झाडांच्या मधे एखाददुसरी अशी दिसतात. पाण्याचा पट्टा मात्र उताराच्या रेषेने जातो. आता ९० लिहायला हरकत नाही.

शेतकरी दादा सांगतात की पानाखाली पांढरी माशी दिसली नाही. या माहितीने आकडा फारसा हलवू नका. झाडाला हात लागताच माशी उडते, आणि लागण करून ती निघून गेलेलीही असू शकते. मोझॅक असो वा नसो, माशी न दिसण्याचा संभव बराच असतो. जी खूण दोन्ही परिस्थितींत जवळपास सारखीच दिसते ती खात्री वाढवत नाही. हे लक्षात न घेता नवखे प्रत्येक नव्या माहितीला पाच-दहा टक्के जोडत जातात आणि आकडा उगाच फुगतो.

तिसऱ्या फोटोतल्या पूर्ण झाडावर मात्र दोन पानांवर शिरा ओलांडून गेलेले गडद पिवळे चट्टे दिसले, तर ९० वरून ६० वर उतरायला संकोच करू नका. विधान "मुख्य कारण" असे असल्याने पाणी-लोह अजूनही पुढे आहे, पण मोझॅक मिसळलेला असू शकतो.

### ६. आकड्याशेजारी कारण लिहा

दोन रानांना ६० मिळाले. एका ठिकाणी फोटो अंधुक आहे. दुसऱ्या ठिकाणी फोटो उत्तम आहे, पण खुणाच मिसळलेल्या आहेत. आकडा सारखा असला तरी पुढचे काम वेगळे आहे. पहिल्यात नवा फोटो मागवला की काम होते. दुसऱ्यात कितीही फोटो मागवले तरी उपयोग नाही, कोणी तरी रानात जायला हवे. म्हणून C रकान्यात "फोटो अपुरा" किंवा "खुणा मिश्र" असे लिहिल्याशिवाय मी ७५ च्या खालचा आकडा स्वीकारत नाही. माझ्या मते आकड्यापेक्षा ही एक ओळ पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. वेळ फारच कमी असेल तर आकडा सोडावा, पण ही ओळ सोडू नये.

### ७. कृतीचा उंबरठा चुकीच्या किमतीवरून ठरवा

साचलेले पाणी बाहेर काढण्याचा सल्ला चुकला, तरी शेतकऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते आणि बहुतेक वेळा त्यातूनही पिकाला फायदाच होतो. तो सल्ला ५० वरही देता येतो. लोहाच्या फवारणीला खर्च आहे, तिच्यासाठी मी ७५ ची वाट पाहतो. मोझॅकची झाडे उपटून नष्ट करायला सांगणे हे परत फिरवता न येणारे काम आहे. उपटलेले झाड पुन्हा लावता येत नाही. ते ९० शिवाय सांगू नये. पण मोझॅक खरा असेल तर उशीर केल्याने तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, म्हणून ७५ वर असताना गप्प बसणेही बरोबर नाही. अशा वेळी मी पिवळे चिकट सापळे लावायला आणि संशयित झाडांना खूण म्हणून चिंधी बांधायला सांगतो, आणि चार दिवसांत तीच झाडे पुन्हा पाहतो.

हे उंबरठे हंगामापूर्वी लिहून ठेवा. नाही तर मनात आधी सल्ला ठरतो आणि मग त्याला शोभेल असा आकडा लिहिला जातो. माझ्या जुन्या नोंदींत ९० चे पीक का वाढले होते, याचा शोध घेतला तेव्हा हेच कारण निघाले.

### ८. निकाल नोंदवा, पण आपणहून येणाऱ्या निकालांवर विसंबू नका

ज्याचे पीक सुधारले तो शेतकरी क्वचितच परत फोटो पाठवतो. ज्याचे बिघडले तो पाठवतो. फक्त आलेल्या बातम्या नोंदवल्या तर आपण आहोत त्यापेक्षा जास्त चुकतो असे दिसेल. यावर उपाय असा, की प्रत्येक पाचवी नोंद आधीच ठरवून ठेवायची आणि तिचा निकाल आपण फोन करून मिळवायचा, मग ती सोपी असो वा अवघड. निकाल ठरवणाऱ्या माणसाला आधीचा आकडा दाखवू नका. ९० पाहिलेल्या माणसाला अर्धवट हिरवे पानही हिरवेच दिसते.

E रकान्यात निदान बरोबर ठरले तर १, चुकले तर ०, आणि निकाल मिळाला नाही तर काहीही नाही. कोरा रकाना आणि शून्य यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशोब बिघडतो. F रकान्यात हे सूत्र घाला:

```
=IF(E2="","",(D2/100-E2)^2)
```

हे माप ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये पावसाच्या शक्यतेचे अंदाज तपासण्यासाठी मांडले. ९० लिहून बरोबर ठरलात तर ०.०१ मिळतात, ९० लिहून चुकलात तर ०.८१, आणि ६० लिहून चुकलात तर ०.३६. सरासरी जितकी कमी तितके चांगले. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० लिहिणाऱ्याला नेमके ०.२५ मिळतात. आपली सरासरी त्याहून वर गेली, तर आपल्या आकड्यांपेक्षा कोरा रकाना बरा.

### ९. महिन्यातून एकदा प्रत्येक पायरी तपासा

```
=AVERAGEIFS(E:E,D:D,90)
```

हे सूत्र ९० लिहिलेल्या नोंदींपैकी किती भाग बरोबर निघाला ते सांगते. ५०, ६० आणि ७५ साठीही ते चालवा, म्हणजे प्रत्येक पायरीचा एक छोटा तक्ता तयार होतो. हिशोब कसा वाचायचा ते उदाहरणाने पाहू. समजा, ९० च्या ४० नोंदींचे निकाल हाती आले आणि त्यांत २८ बरोबर निघाल्या. म्हणजे आपला ९० प्रत्यक्षात ७० आहे. येथे पुढच्या महिन्यापासून सरसकट ७० लिहायचे, हा उपाय नव्हे. चुकलेल्या १२ नोंदी उघडून एकापाठोपाठ एक वाचा. त्यांतल्या बहुतेक एकाच पानाच्या फोटोवर दिलेल्या निघाल्या, तर एकट्या पानावर ७५ च्या वर जायचे नाही, असा नियम करा. वर पाचव्या पायरीत मी तोच नियम वापरला आहे. पुरेसे फोटो असलेल्या नोंदींतला ९० त्यामुळे शाबूत राहतो.

थोड्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. आपला ९० अगदी खरा असला, तरी दहा नोंदींत दोन किंवा अधिक चुका निघण्याची शक्यता सुमारे चारात एक असते. दहापैकी आठ बरोबर आले म्हणून पद्धत बदलायला घेणे घाईचे होईल. चाळीसपैकी अठ्ठावीस ही मात्र योगायोगाने येणारी गोष्ट नव्हे.

एक सापळा याच तक्त्यात लपलेला असतो. सर्व रानांना ७५ लिहिणारा आणि चारपैकी तीन वेळा बरोबर ठरणारा माणूस तक्त्यात निर्दोष दिसतो. पण त्याच्या आकड्यावरून कोणत्या रानात आधी जावे हे कळत नाही, म्हणून तो आकडा कामाचा नाही. अर्ध्या रानांना ९० आणि अर्ध्यांना ६० लिहून दोन्हीकडे खरा ठरणारा माणूसही एकूण चारपैकी तीन वेळाच बरोबर असतो. तरी त्याचे ब्रायरचे माप ०.१६५ येते आणि पहिल्याचे ०.१८७५. म्हणून तक्ता आणि सरासरी दोन्ही पाहा.

### १०. दोघे जण निदान देत असतील तेव्हा

दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता आपापले लिहावेत आणि मगच उघडावेत. एकाचे ९० आधी दिसले की दुसऱ्याचे ६० हळूच ८० होते, आणि दोन माणसांचे मत म्हणून जे पुढे जाते ते प्रत्यक्षात एकाचेच असते. दोघांचे निदानच वेगळे असेल तर आकड्यांची सरासरी काढू नका. कोणती खूण एकाला दिसली आणि दुसऱ्याला नाही, हे फोटोवर बोट ठेवून शोधा. आमच्याकडे अशा मतभेदांपैकी कित्येक वेळा एक जण शेंड्याचे पान समजत होता ते मधले पान निघाले.

### ११. जुना तक्ता कधी बाजूला ठेवायचा

खरिपात सोयाबीनवर कमावलेला ९० रब्बीतल्या हरभऱ्याच्या मर रोगाला लागू होत नाही. पीक बदलले, पावसाचे मान बदलले, फोटो पाठवणारा गट बदलला किंवा निदान देणारा माणूस बदलला, की तक्ता नवा सुरू करा. किमान ३० निकाल हाती येईपर्यंत ९० ही पायरी बंद ठेवा आणि उपटण्याचा सल्ला द्यायची वेळ आली तर आकड्यावर न सोडता कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाला रान दाखवा. नव्या सहकाऱ्याला सुरुवातीला निकाल माहीत असलेली मागच्या हंगामातली ३० रानं, निकाल झाकून, द्यावीत. त्याचा स्वतःचा तक्ता तेवढ्यात उभा राहतो, आणि कोणत्या फोटोवर तो घाई करतो हे शेतकऱ्याच्या रानावर प्रयोग न करता कळते.